मिनिटभराचा स्वपरिचय: पदनामाने, गरजेने की प्रसंगाने?

नेटवर्किंगच्या बैठकीत स्वतःची ओळख करून देण्यासाठी साधारण 30 ते 60 सेकंद मिळतात. त्या वेळात काय बोलायचे हे ठरवताना बहुतेक जण आपल्याला काय काय सांगायचे आहे, याची यादी करायला बसतात. माझ्या मते तयारीच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ऐकणारा माणूस चार दिवसांनी, आपण समोर नसताना, तिसऱ्याच कोणाला तरी आपल्याविषयी काय सांगू शकेल?

हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो या बैठकांच्या रचनेमुळे. आयव्हन मिस्नर यांनी 1985 साली अमेरिकेत सुरू केलेल्या आणि आता महाराष्ट्रातही रुजलेल्या बीएनआय या संस्थेच्या शाखांमध्ये एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतला जातो. म्हणजेच समोर बसलेल्यांपैकी तुमच्या व्यवसायातले जवळजवळ कोणी नसते आणि बहुतेक जण तुमचे थेट ग्राहकही नसतात. ते तुमच्याविषयीचा शब्द ग्राहकापर्यंत पोहोचवणारे लोक असतात. रोटरीच्या सभेत, मराठी उद्योजकांच्या मेळाव्यात किंवा एखाद्या चेंबरच्या कार्यक्रमात नियम वेगळे असले, तरी शब्द याच वाटेने पुढे जातो. म्हणून परिचयाच्या तीन प्रचलित पद्धतींची तुलना येथे याच एका कसोटीवर केली आहे. पहिल्या पद्धतीत माणूस आपल्या पदनामाने सुरुवात करतो, दुसरीत ग्राहकाच्या गरजेने आणि तिसरीत एखाद्या घडलेल्या प्रसंगाने.

तुलना नेमकी व्हावी म्हणून तिन्ही पद्धती एकाच व्यक्तीला लावून पाहू. समजा, ठाण्यात स्वतःचे कार्यालय असलेल्या एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांचे मुख्य काम म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करणे आणि दुरुस्तीच्या कामावर सल्लागार म्हणून देखरेख ठेवणे. हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे, कारण या कामाची गरज असंख्य लोकांना असते, मात्र आपल्याला नेमकी याच माणसाची गरज आहे हे त्यांना ठाऊक नसते. गॅलरीचे प्लास्टर पडले की सोसायटीची कमिटी आधी रंगाऱ्याला किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करते. इंजिनिअरची आठवण फार उशिरा होते.

पदनामाने सुरुवात

या पद्धतीचा परिचय साधारणपणे असा होतो: "नमस्कार. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर असून गेली 18 वर्षे या क्षेत्रात आहे. आमची फर्म स्ट्रक्चरल ऑडिट, नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, आरसीसी डिझाइन, रिपेअर कन्सल्टन्सी, रेट्रोफिटिंग आणि बांधकामाची देखरेख अशा सर्व सेवा देते. ठाणे, मुंबई आणि नवी मुंबई येथे आमचे काम चालते. दर्जेदार आणि वेळेत काम ही आमची ओळख आहे. कोणाला गरज असल्यास जरूर संपर्क साधावा."

यात एकही वाक्य खोटे नाही आणि या पद्धतीचा एक खरा गुणही आहे. ऐकणाऱ्याला बोलणारा माणूस कोणत्या खणात ठेवायचा ते लगेच कळते, आणि व्यवसाय हा नावापेक्षा मनात अधिक टिकतो. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनावे आणि व्यवसाय सांगितले होते. 'बेकर' हाच शब्द आडनाव म्हणून सांगितला, तर तो आठवणे अवघड जात असे. व्यवसाय म्हणून सांगितला, तर सहज आठवत असे. याचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे आहे, की व्यवसायाबरोबर भट्टी, पीठ, पाव अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात आणि आडनावाबरोबर काहीच येत नाही.

अडचण येथेच सुरू होते. डॉक्टर, वकील, फोटोग्राफर या शब्दांबरोबर चित्र उभे राहते, तसे 'स्ट्रक्चरल इंजिनिअर' या शब्दाबरोबर अभियंता नसलेल्या माणसाच्या मनात फारसे उभे राहत नाही. उभे राहिलेच तर ते पिवळे हेल्मेट घालून नव्या इमारतीवर उभ्या असलेल्या कोणाचे तरी असते. परिणामी ओळख लक्षात राहते ती चुकीची. गावाकडे बंगला बांधायचा आहे, नकाशा काढून द्याल का, असा फोन येतो. कोणी अंतर्गत सजावटीबद्दल विचारते. असे चुकीचे फोन येऊ लागणे ही या पद्धतीच्या अपयशाची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. ऐकणाऱ्यांनी मनापासून मदत केलेली असते, पण त्यांच्या हाती दिलेला शब्दच सैल होता.

दुसरा दोष सेवांच्या यादीत आहे. सहा सेवा एका दमात सांगितल्या, की त्या एकमेकींना पुसून टाकतात आणि शेवटी 'बांधकामाचे काहीतरी' एवढेच उरते. 'दर्जेदार आणि वेळेत काम' हे वाक्य तर त्याच बैठकीत केटररने आणि छपाईवाल्यानेही उच्चारलेले असते, त्यामुळे त्याचा कोणताही ठसा उरत नाही.

तरीही ही पद्धत सरसकट टाकाऊ मानू नये. इंजिनिअरांच्या परिषदेत, महापालिकेच्या सल्लागारांच्या बैठकीत किंवा बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेत ऐकणाऱ्यांना संज्ञा ठाऊक असतात. तेथे पदनाम, अनुभवाची वर्षे आणि पात्रता हीच माहिती त्यांना आधी हवी असते. तेथे गळक्या गॅलरीपासून सुरुवात केली, तर बोलणारी व्यक्ती नेमकी कोण आहे हे कळेपर्यंत अर्धा वेळ निघून जातो.

गरजेने सुरुवात

याच इंजिनिअर बाईंनी आपल्या ग्राहकाकडून सुरुवात केली, तर त्यांचा परिचय असा होईल: "ज्या सोसायटीच्या इमारतीला 15 वर्षे उलटून गेली आहेत आणि दर पावसाळ्यात गळती होऊन प्लास्टर पडते आहे, त्या सोसायटीच्या कमिटीसाठी मी काम करते. नुसते प्लास्टर आणि रंग पुरेल की आतली सळई गंजली आहे, हे मी तपासून सांगते. आणि कंत्राटदाराकडून भाव मागवण्याआधी कोणते काम किती करायचे याची मोजमापांसह यादी तयार करून देते."

येथे ऐकणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे ग्राहक ओळखण्याची खूण: जुनी इमारत, पावसाळ्यातली गळती, पडणारे प्लास्टर. ही खूण त्याला इंजिनिअरिंग न शिकता दिसू शकते, किंबहुना त्याच्या स्वतःच्या सोसायटीत ती कदाचित रोज दिसत असते. दुसरी गोष्ट म्हणजे काम झाल्यावर ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते ते.

खूण निवडताना क्षेत्राचे खरे ज्ञान लागते. वर '15 वर्षे' हा आकडा सहज आलेला नाही. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी करून घ्यायचे असते. त्यामुळे 'जुनी इमारत' असे मोघम म्हणण्यापेक्षा '15 वर्षे उलटलेली इमारत' म्हटले, की ऐकणारा मनात आपल्या इमारतीचे वय मोजू लागतो. तुमच्या व्यवसायातही असा एखादा उंबरठा असतोच: कायद्याने ठरवून दिलेला, वयाचा, उलाढालीचा किंवा माणसांच्या संख्येचा. तो सापडला, तर परिचयाचे निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्राहकाची अडचण त्याच्याच शब्दांत मांडणे. कोणताही सेक्रेटरी 'आमच्या इमारतीला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगची गरज आहे' असे म्हणत नाही. 'तीन कोटेशन आली आहेत आणि तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आता कोणाचे खरे मानायचे' असे तो म्हणतो. हे वाक्य मिळवण्याचा साधा मार्ग म्हणजे मागील काही ग्राहकांनी पहिल्या फोनवर काय सांगितले होते ते आठवून, जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहून काढणे. त्यात दोन-तीनदा आलेली तक्रार हीच परिचयाची पहिली ओळ ठरते.

या पद्धतीचा धोका असा, की ग्राहकाचे वर्णन फार रुंद झाले तर ती पहिल्या पद्धतीइतकीच निकामी होते. 'इमारतीच्या कोणत्याही समस्येवर उपाय हवा असलेल्या सर्वांसाठी' असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीच येत नाही. बोलणाऱ्याला मात्र अरुंद वर्णनाची भीती वाटते. बाकीची कामे हातची जातील असे वाटते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण परिचय म्हणजे कामाची हद्द आखणारा करार नव्हे. जिला सोसायटीचे काम मिळते तिला त्याच सोसायटीतल्या एखाद्या कारखानदाराच्या शेडचे कामही पुढे मिळू शकते. त्यासाठी आधी कोणीतरी तिला एका कामासाठी आठवावे लागते.

प्रसंगाने सुरुवात

तिसऱ्या पद्धतीत घडलेले एक काम सांगितले जाते: "ठाण्यातल्या एका 27 वर्षांच्या इमारतीच्या कमिटीकडे दुरुस्तीची तीन कोटेशन होती आणि सर्वांत मोठे कोटेशन सर्वांत लहानाच्या तिप्पट होते. पाहिले तर एकाने पूर्ण इमारतीचे प्लास्टर धरले होते, दुसऱ्याने केवळ गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि तिसऱ्याने रंगासकट सगळे. आम्ही इमारत तपासली, तेव्हा गंज मुख्यतः तळमजल्याच्या पार्किंगमधल्या काही खांबांत आढळला. आम्ही कामाची एक यादी केली, त्याच यादीवर तिघांनी पुन्हा भाव दिले, आणि मग कमिटीला सर्वसाधारण सभेत सभासदांना उत्तर देता आले."

लक्षात राहण्याच्या बाबतीत ही पद्धत तिघींत सरस आहे, कारण तीत माणसे आहेत, पेच आहे आणि तो सुटला आहे. ऐकणारा ती पुढे सांगतोही सहज: 'अरे, त्या बाईंनी तीन कोटेशनांचा घोळ सोडवला होता, त्यांच्याशी बोल.' व्यवसायाचे नाव तो चुकीचे सांगेल कदाचित, पण फोन योग्य माणसाकडून येईल.

तिच्या मर्यादा मात्र नीट ओळखायला हव्यात. पहिली मर्यादा वेळेची आहे. वरचा प्रसंग शांतपणे बोलायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यामुळे 30 सेकंदांच्या फेरीत तो एकटाही पुरता मावत नाही आणि आपण कोण, कोणासाठी, हे सांगायला जागा उरत नाही. दुसरी मर्यादा सचोटीची आहे. सोसायटीचे नाव किंवा ती ओळखू येईल असा तपशील जाहीर बैठकीत सांगू नये. ठाण्याच्या 30-40 व्यावसायिकांत त्या सोसायटीचा एखादा सभासद बसलेला असण्याची शक्यता बरीच असते. शिवाय प्रसंग खराच असला पाहिजे आणि त्यातला आकडा कागदावर दाखवता आला पाहिजे, कारण चहाच्या वेळी कोणीतरी त्याबद्दल विचारतेच. तिसरी मर्यादा अशी, की प्रसंग विलक्षण असला तर तोच लक्षात राहतो आणि काम मागे पडते. इमारत पडता पडता वाचल्याची थरारक हकीकत सांगितली, तर ऐकणारा हळहळतो, घरी जाऊन ती सांगतोही, पण 'हे माझ्या सोसायटीला लागू आहे' असे त्याला वाटत नाही. म्हणून आपल्या कामांतला सर्वांत मोठा प्रसंग बाजूला ठेवून सर्वांत नेहमीचा प्रसंग निवडावा.

नवा व्यवसाय सुरू केलेल्यांकडे असा प्रसंगच नसतो. त्यांनी तो रचू नये. त्यांच्यासाठी दुसरी पद्धतच योग्य आहे.

मग निवड कोणती

जेथे ऐकणारे निरनिराळ्या व्यवसायांतले आहेत, अशा मिनिटभराच्या फेरीसाठी मी गरजेने सुरुवात करून त्यात प्रसंगाची दोन वाक्ये बसवण्याचा सल्ला देईन आणि पदनाम सुरुवातीला एकदाच, विशेषणांशिवाय ठेवायला सांगेन. केवळ 30 सेकंद असतील, तर प्रसंग गाळून गरज आणि मागणी ठेवावी. चहाच्या टेबलाशी समोरासमोर 'आपण काय करता?' असे कोणी विचारले, तर एकच वाक्य पुरेसे आहे आणि त्यानंतर थांबून समोरच्याला विचारावे, 'तुमची इमारत किती वर्षांची आहे?' समोरासमोरच्या ओळखीत पूर्ण मिनिट बोलणे जड जाते. प्रसंग तेथे प्रश्नाला उत्तर म्हणून येऊ द्यावा.

वर 'मागणी' असा शब्द आला, त्याचा खुलासा करायला हवा, कारण तिन्ही पद्धतींत लोक सर्वाधिक वाया घालवतात ते शेवटचे वाक्य. 'कोणाला गरज असल्यास कळवा' या वाक्याने ऐकणाऱ्यावर कोणतेच काम पडत नाही. मागणी अशी असावी, की खोलीतल्या एका विशिष्ट माणसाला ती आपल्यासाठी आहे हे कळावे. आपल्या इंजिनिअर बाईंसाठी खोलीतला सर्वांत मोलाचा माणूस बहुधा चार्टर्ड अकाउंटंट असतो, कारण त्याच्याकडे अनेक सोसायट्यांचे हिशेब असतात. सलग दोन-तीन वर्षे 'गळती दुरुस्ती' असा खर्च एकाच सोसायटीच्या पत्रकात दिसत असेल, तर वरवरची दुरुस्ती पुन्हा पुन्हा होत आहे हे ओळखण्याची खूण त्याच्या टेबलावरच पडलेली असते. ती खूण आहे एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच रीतीने रंगारी, लिफ्टची देखभाल करणारा आणि सोसायटीचा वकील यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. दर आठवड्याला त्यांतली एकच निवडावी. बैठक दर आठवड्याला भरते याचा खरा फायदा हाच आहे, आणि तरीही बहुतेक सदस्य तेच भाषण वर्षभर करतात.

मागणीला काळाची जोड देता आली तर उत्तम. सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये, गळती डोळ्यांसमोर असताना आणि सभेची विषयपत्रिका तयार होत असताना केलेली मागणी फेब्रुवारीतल्या मागणीपेक्षा जास्त फळते.

या सर्वांचा मेळ घालून ऑगस्टमधल्या एका बैठकीसाठी तयार केलेला परिचय असा होईल:

"नमस्कार, मी ... , स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठाणे. ज्या सोसायटीच्या इमारतीला 15 वर्षे उलटली आहेत आणि दर पावसाळ्यात प्लास्टर पडते आहे, तिच्या कमिटीसाठी मी काम करते. अशाच एका सोसायटीकडे दुरुस्तीची तीन कोटेशन होती, सर्वांत मोठे सर्वांत लहानाच्या तिप्पट. आम्ही इमारत तपासून कामाची एकच यादी केली, त्याच यादीवर तिघांनी पुन्हा भाव दिले आणि कमिटीला निर्णय घेता आला. आज माझी विनंती सीए मित्रांना आहे. आपण ज्या सोसायट्यांचे हिशेब पाहता, त्यांपैकी एखाद्या सोसायटीने सलग दोन वर्षे गळतीवर खर्च केला असेल, तर सप्टेंबरच्या सभेआधी तिच्या सेक्रेटरींशी माझी ओळख करून द्यावी. मी ... , गळक्या इमारतीचे खरे कारण शोधणारी इंजिनिअर."

मराठीत सावकाश, श्वास घेत बोलले, तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. वरचा परिचय याच मापात बसतो आणि वाक्यांमध्ये थांबायला थोडी जागाही ठेवतो. तो मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचावा. मनात वाचून घेतलेला अंदाज नेहमी कमी निघतो. ज्या वाक्याला बोलताना दम लागतो, ते दोन वाक्यांत तोडावे. बैठक हिंदीत किंवा मिश्र भाषेत चालत असेल, तर मराठी परिचयाचे उभ्या उभ्या भाषांतर न करता मधले 'कोणासाठी' हे वाक्य त्या भाषेत स्वतंत्रपणे बांधून ठेवावे.

आपली पाळी कोणाच्या आधी येते, यालाही महत्त्व आहे. 1973 साली मॅल्कम ब्रेनर यांनी दाखवून दिले, की गोलाकार बसलेले लोक पाळीपाळीने बोलत असतील, तर आपल्या पाळीच्या अगदी आधी जे बोलले गेले ते माणसाला सर्वांत कमी आठवते, कारण त्या वेळी तो स्वतःच्या बोलण्याच्या तयारीत असतो. म्हणजे तुमच्यानंतर बोलणारा शेजारी तुमचे भाषण जवळजवळ ऐकतच नसतो. यावरून दोन गोष्टी करता येतात. ज्या सीएला आपली मागणी ऐकवायची आहे, त्याच्या लगेच आधी आपली पाळी येईल अशा जागी बसू नये. आणि तरीही तसे झालेच, तर बैठक संपल्यावर त्याच्यापाशी जाऊन तेच एक वाक्य पुन्हा सांगावे.

परिचय बरोबर बसला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. पुढच्या आठवड्यात एखाद्या सदस्याला मोकळेपणाने विचारावे: "तुमच्या ओळखीच्या कोणाला माझ्याबद्दल सांगायचे झाले, तर काय सांगाल?" उत्तर 'इमारतींचे ऑडिट करतात' असे आले, तर व्यवसाय पोहोचला आहे पण ग्राहक पोहोचलेला नाही, तेव्हा खूण अधिक ठळक करावी. 'तीन कोटेशनवाल्या' असे आले, तर प्रसंग पोहोचला आहे. मग ते काम कोणत्या प्रकारच्या सोसायटीसाठी, हे त्याला माहीत आहे का तेवढे पाहावे. उत्तर 'गळणाऱ्या जुन्या सोसायट्यांचे काम करतात' असे आले, तर परिचयाच्या मधल्या भागाला हात लावू नये आणि दर आठवड्याला फक्त मागणी बदलत राहावी.